एका जिल्ह्याच्या चार ओळी

उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं. त्या भागातल्या गावोगावच्या किराणा दुकानांना साबण, बिस्किटं, चहा पुरवणारी एखादी एजन्सी डोळ्यांसमोर आणा. तिचा सगळा हिशेब एक्सेलच्या एकाच शीटमध्ये आहे. वर्षअखेरीला मालकांनी जिल्हावार विक्री काढायला सांगितली आणि कॉम्प्युटरने एकाच जिल्ह्याच्या चार ओळी समोर ठेवल्या: उस्मानाबाद, धाराशिव, धाराशीव आणि पुन्हा एकदा उस्मानाबाद. ही शेवटची ओळ बघून बिलं करणारा मुलगा चक्रावतो. नाव अक्षर न् अक्षर तेच, मग ओळी दोन कशा? तर कुणीतरी कधीतरी नावापुढे स्पेसबार दाबलेला असतो. आपल्याला ती रिकामी जागा दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या लेखी तेही एक अक्षरच.

अशा वेळी 'फाइंड अँड रिप्लेस' करून शीट साफ केली जाते आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा तशीच होते. कारण खरा दोष टायपिंगचा नसतोच. नळदुर्गचं अमुक दुकान कोणत्या जिल्ह्यात आहे, ही एकच गोष्ट त्या शीटमध्ये शेकडो वेळा लिहिलेली असते. ती सगळीकडे सारखीच राहील, अशी व्यवस्था कुणीच केलेली नसते. एका मोठ्या तक्त्याचे विचारपूर्वक तुकडे करून ही व्यवस्था लावता येते. त्या कामाला डेटाबेसवाले नॉर्मलायझेशन म्हणतात.

आधी शीट पाहू. दुकानं, माणसं, भाव सगळं कल्पनेतलं आहे, पण अशी शीट कुठल्याही एजन्सीत सापडेल. जागेअभावी तारीख, फोन, जिल्हा, जीएसटी हे रकाने इथे गाळले आहेत.

```
बिल  | दुकान        | गाव    | लाइन    | सेल्समन | माल       | नग | दर
1041 | गणेश किराणा  | नळदुर्ग | तुळजापूर | पवार   | साबण 100  | 48 | 30
1041 | गणेश किराणा  | नळदुर्ग | तुळजापूर | पवार   | बिस्किट    | 60 | 9
1042 | भारत स्टोअर्स | अणदूर  | तुळजापूर | पवार   | साबण 100  | 24 | 30
1043 | गणेश किराणा  | नळदुर्ग | तुळजापूर | शेख    | चहा 250   | 12 | 105
```

बिलात जेवढे जिन्नस, तेवढ्या ओळी. एजन्सीची अडीचशे दुकानं, प्रत्येकाचं आठवड्याला एक बिल आणि बिलात सरासरी आठ जिन्नस धरले, तर वर्षाला 1,04,000 ओळी होतात. त्यांतल्या 416 ओळी एकट्या गणेश किराणाच्या. म्हणजे त्या दुकानाचं नाव, गाव, जिल्हा, फोन, लाइन हे सगळं वर्षभरात 416 वेळा लिहिलं गेलं.

जागा वाया जाते म्हणून तक्ता फोडायचा, असा अनेकांचा समज आहे. गणित करून बघा. दुकानाच्या माहितीला ओळीमागे दीडशे बाइट धरले, तरी वर्षाच्या सगळ्या ओळी मिळून पंधरा-सोळा एमबी भरतात. मोबाइलमधल्या चार-पाच फोटोंना तेवढी जागा लागते. जागेपायी एवढा खटाटोप आज कुणी करणार नाही. तो करावा लागतो चुकांपायी.

समजा गणेश किराणाचा फोन बदलला. आता 416 ओळींत नंबर बदलायला हवा. बिलं करणारा मुलगा फिल्टर लावतो. पण जानेवारीत कुणीतरी दुकानाचं नाव 'श्री गणेश किराणा' असं घातलेलं असतं. त्या ओळी फिल्टरमध्ये येत नाहीत आणि जुना नंबर तिथेच राहतो. आता एका दुकानाचे दोन फोन झाले, आणि खरा कोणता ते शीट सांगू शकत नाही. हा बदलाचा दोष.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. जळकोटला नवं दुकान उघडलं, सेल्समनने नाव-फोन आणला, पण पहिली ऑर्डर पुढच्या आठवड्यात आहे. हे दुकान शीटमध्ये कुठे लिहायचं? शीटची ओळ म्हणजे विकलेला जिन्नस, आणि अजून काहीच विकलेलं नाही. मग बिल क्रमांक, माल, नग रिकामे ठेवून एक खोटी ओळ घातली जाते, आणि पुढे बिलं मोजताना एक बिल जास्त भरतं. तिसरी अडचण सगळ्यात गुपचूप होते. एखाद्या दुकानाने एकदाच माल घेतला, तो परत आला आणि मुलाने त्या बिलाच्या ओळी उडवल्या. त्या ओळींबरोबर दुकानाचा पत्ता आणि फोनही गेला. बिल काढायचं होतं, दुकान नाही. पण दोन्ही एकाच ओळीत बांधलेली होती.

आपल्या शीटला हा आजार जडलाय का, हे ओळखायला डोळे लावून बसावं लागत नाही. शीट डेटाबेसमध्ये `sales` नावाच्या टेबलात घेतली आणि प्रत्येक दुकानाला क्रमांक दिलेला असला, की एवढी चौकशी पुरते:

```sql
SELECT shop_id, COUNT(DISTINCT phone)
FROM sales
GROUP BY shop_id
HAVING COUNT(DISTINCT phone) > 1;
```

एका दुकानाच्या नावावर एकापेक्षा जास्त वेगवेगळे फोन दिसत असतील, अशी सगळी दुकानं दाखव, असा याचा अर्थ. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. `COUNT(DISTINCT …)` मोजताना रिकामे, म्हणजे `NULL` असलेले रकाने धरत नाही. तेव्हा काही ओळींत फोन आहे आणि काहींत नाही, असं दुकान या जाळ्यातून निसटतं. त्याची चौकशी वेगळी करावी लागते.

हा विचार शिस्तीने मांडला एडगर कॉड यांनी. ते मूळचे इंग्लंडचे, शिक्षणाने गणिती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रॉयल एअर फोर्समध्ये विमानं चालवली होती. पुढे ते आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे असताना जून 1970 मध्ये त्यांचा जो निबंध छापून आला, त्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. त्या काळी माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवायची पद्धत होती. आधी कर्मचारी, त्याच्या पोटात त्याच्या नोकऱ्या, प्रत्येक नोकरीच्या पोटात पगाराचा इतिहास, आणि शेजारी त्याची मुलं. कॉड यांनी निबंधात हेच उदाहरण घेतलं आणि त्याचे चार साधे, सपाट तक्ते करून दाखवले. प्रत्येक तक्त्यात कर्मचाऱ्याचा क्रमांक घातला, म्हणजे कुठली नोकरी कुणाची, कुठलं मूल कुणाचं हे कळायला फांद्यांची गरज उरली नाही. ही पहिली पायरी. दुसरी आणि तिसरी पायरी त्यांनी पुढच्या एक-दोन वर्षांत मांडली, आणि बदल, भर आणि वजाबाकीचे ते तीन दोष तिथेच नेमके सांगितले. 1981 साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

पहिली पायरी आपल्या शीटने जवळपास ओलांडलेलीच आहे. एका चौकटीत एकच गोष्ट असावी, एवढंच ती सांगते. 'साबण 48, बिस्किट 60' असं एकाच चौकटीत कोंबलं, किंवा माल1, माल2, माल3 असे रकाने केले, की साबण एकूण किती गेला हे विचारणंच अवघड होतं. नवव्या जिन्नसाला तर रकानाच नसतो. एका जिन्नसाची एक ओळ केली, की हे सुटतं.

खरं काम पुढे आहे, आणि ते एका प्रश्नावर चालतं: हा रकाना कशावरून ठरतो? सुरुवात ओळीपासून करू. शीटमधली एखादी ओळ नेमकी कशी ओळखायची? बिल क्रमांक आणि माल, या जोडीवरून. 1041 क्रमांकाचं बिल आणि साबण म्हटलं, की एकच ओळ समोर येते. अशा ओळखीला 'की' म्हणतात, आणि इथे ती दोन रकान्यांची मिळून आहे.

आता एकेक रकाना घेऊ. नग कशावरून ठरतो? बिल आणि माल दोन्ही माहीत हवेत. दरही तसाच, कारण एकाच साबणाचा भाव या दुकानाला वेगळा आणि त्या दुकानाला वेगळा लागतो. पण तारीख? ती एकट्या बिलावरून कळते, मालाचा तिच्याशी संबंध नाही. दुकानही एकट्या बिलावरून. मालाचं पूर्ण नाव आणि त्याला लागू असलेला जीएसटी एकट्या मालावरून. म्हणजे हे रकाने अर्ध्याच कीवर उभे आहेत. दुसरी पायरी म्हणते, अर्ध्या कीवर उभं असेल ते तिथून उचलून, त्या अर्ध्याच्या स्वतःच्या तक्त्यात न्या. तसं केलं की तीन तक्ते होतात: बिलांचा, मालाचा आणि बिलातल्या जिन्नसांचा.

इथे थांबून मोजू. बिलांच्या तक्त्यात आता एका बिलाची एक ओळ आहे. गणेश किराणाचा फोन 416 ऐवजी 52 ठिकाणी राहिला. बरं झालं, पण काम झालं नाही. 52 ठिकाणीही दोन नंबर राहू शकतात.

म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. बिलांच्या तक्त्याची की बिल क्रमांक. फोन बिलावरून कळतो का? कळतो, पण आडवळणाने. बिलावरून दुकान कळतं आणि दुकानावरून फोन. फोन ही दुकानाची गोष्ट आहे, ती बिलाच्या ओळीत पाहुणी म्हणून आली आहे. जिल्हा तर आणखी लांबून आला आहे. बिलावरून दुकान, दुकानावरून गाव, गावावरून जिल्हा. तिसरी पायरी या पाहुण्यांना आपापल्या घरी पाठवते. शेवटी मांडणी अशी होते:

```
districts  (district_id, district_name)
villages   (village_id, village_name, district_id)
routes     (route_id, route_name, salesman)
shops      (shop_id, shop_name, phone, village_id, route_id)
items      (item_id, item_name, gst_rate)
bills      (bill_no, bill_date, shop_id)
bill_items (bill_no, item_id, qty, rate)
```

फोन आता एकाच ओळीत आहे. नवं दुकान बिलाशिवाय लिहिता येतं, बिल उडवलं तरी दुकान जागेवर राहतं. जिल्ह्याचं नाव बदललं तर काम एका ओळीचं:

```sql
UPDATE districts SET district_name = 'धाराशिव'
WHERE district_id = 7;
```

पुढच्या वर्षी जवळच्या अहमदनगर जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं. तिकडेही दुकानं असतील तर आणखी एक ओळ. बाकीच्या तक्त्यांत नाव नाहीच, नुसता जिल्ह्याचा क्रमांक आहे, आणि क्रमांकाचं नामांतर होत नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना यात ओळखीचं काही दिसलं असेल. तिथे पार्टी मास्टर आणि आयटम मास्टर आधी भरावे लागतात आणि मग व्हाउचर. पार्टी मास्टरमध्ये नसलेल्या दुकानाचं बिल फाडता येत नाही, म्हणून नवखा माणूस वैतागतो. ती अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. `shops` मध्ये नसलेला क्रमांक `bills` मध्ये घालू पाहिला, तर डेटाबेसने तो नाकारावा, असा नियम टेबल बनवतानाच `REFERENCES` लिहून सांगायचा असतो. तक्ते फोडले आणि हा नियमच लिहिला नाही, तर फोडण्याचा निम्मा फायदा हातचा गेला. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. तिथे नियम लिहिला, तरी जोडणी करताना `PRAGMA foreign_keys = ON;` दिल्याशिवाय तो सहसा पाळलाच जात नाही, आणि कुठे तक्रारही उमटत नाही.

आता वरच्या शीटमधल्या चौथ्या ओळीकडे वळू. लाइन तुळजापूर, पण सेल्समन शेख. वरच्या तीन ओळींत पवार आहेत. हा घोळ आहे का? याचं उत्तर शीटमध्ये नाही. कदाचित तुळजापूर लाइन आता शेख यांच्याकडे दिली असेल आणि जुन्या ओळी जुन्या वेळच्या असतील. कदाचित त्या दिवशी पवार रजेवर असतील आणि शेख बदली म्हणून गेले असतील. पहिलं खरं असेल, तर सेल्समन लाइनवरून ठरतो आणि तो `routes` मध्ये योग्य जागी आहे. दुसरं खरं असेल, तर ऑर्डर कुणी आणली हे बिलागणिक बदलतं, आणि `bills` मध्ये त्याचा वेगळा रकाना हवा. नाहीतर शेख यांचं कमिशन पवारांच्या खात्यात जाईल. कशावरून काय ठरतं हे धंद्याचे नियम सांगतात आणि ते मालकांना विचारावे लागतात. हजार ओळी चाळून 'प्रत्येक लाइनला एकच सेल्समन दिसतोय' असा निष्कर्ष काढणारा माणूस रजेच्या पहिल्या दिवशीच तोंडावर पडतो.

कीचंही तेच. बिल आणि माल मिळून ओळ ठरते, असं आपण धरलं. मग कंपनीची स्कीम येते: बारावर एक फुकट. बिलात साबणाच्या दोन ओळी, एक तीस रुपये दराची आणि एक शून्य दराची. आपली की मोडली. अशा ठिकाणी बिलातल्या ओळीला क्रमांक देऊन, बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक अशी जोडी की म्हणून घेतात. स्कीमची गोष्ट आधी विचारली असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तक्ता फोडणं सोपं, पण वाटेल तिथून फोडून चालत नाही. तुकडे पुन्हा जोडल्यावर मूळ तक्ताच मिळायला हवा, ओळ कमी नाही आणि जास्तही नाही. वरच्या मांडणीत गावाला क्रमांक का दिला, नुसतं गावाचं नाव का नाही पुरलं, याचं उत्तर जळकोट देईल. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर एक जळकोट आहे. दुसरं जळकोट लातूर जिल्ह्यात आहे आणि ते स्वतःच तालुक्याचं गाव आहे. आता एका तक्त्यात दुकान आणि गावाचं नाव ठेवलं, दुसऱ्यात गावाचं नाव आणि जिल्हा ठेवला, आणि दोन्ही नावावरून जोडले. तुळजापूरकडच्या जळकोटातल्या दुकानाला आता दोन जिल्हे मिळतात. त्याची दोन हजारांची विक्री एकदा धाराशिवात धरली जाते आणि एकदा लातुरात. एजन्सीची एकूण विक्री दोन हजारांनी फुगली, आणि कुठल्याही ओळीत वाचून चूक दिसणार नाही.

गंमत अशी की इथे ओळी वाढल्या आणि माहिती मात्र हरवली. मूळ शीटमध्ये ते दुकान कोणत्या जळकोटातलं, हे स्पष्ट होतं. फोडल्यावर ते कळायची सोय राहिली नाही. यावरचा नियम 1971 सालीच सांगितला गेला आहे: ज्या रकान्यावरून दोन तुकडे परत जोडायचे, तो त्यांतल्या एका तुकड्यात तरी की असला पाहिजे, म्हणजे तिथे तो दोनदा येता कामा नये. गावाचं नाव गावांच्या तक्त्यात दोनदा येतं, म्हणून ते चालत नाही. `village_id` एकदाच येतो, म्हणून चालतो. पडताळा साधा आहे. फोडण्यापूर्वीच्या ओळी मोजून ठेवाव्यात, तुकडे जोडून पुन्हा मोजावं. 1,04,000 च्या जागी 1,04,416 आल्या, तर कुठलं तरी जळकोट दोनदा मोजलं गेलं आहे.

इथवर वाचून एखादा उत्साही माणूस दिसेल ती पुनरुक्ती खोडायला निघेल, आणि तिथे नवा खड्डा आहे. वरच्या मांडणीत जीएसटीचा दर `items` मध्ये ठेवला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण आणि बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. एजन्सीने `items` मधला दर बदलला, नियमाप्रमाणे एकाच ठिकाणी. नवी बिलं बरोबर निघू लागली. मग ऑगस्टचा हिशेब तपासायला कुणीतरी 1041 क्रमांकाचं बिल उघडलं, जे ऑगस्टमधलं होतं. साबणाचे 48 नग, करापूर्वीचा दर 30, म्हणजे 1,440 रुपये. त्यावर 18 टक्क्यांनी 259 रुपये 20 पैसे कर लावला होता आणि तो भरलाही होता. पडद्यावर मात्र 72 रुपये दिसतात. एकट्या साबणाच्या ओळीत 187 रुपये 20 पैशांचा फरक, आणि असा फरक 22 सप्टेंबरच्या आधीच्या साबणाच्या नि बिस्किटांच्या प्रत्येक ओळीत.

मग पुनरुक्ती काढणं चुकलं का? नाही, दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या गेल्या. 'साबणावर सध्या किती जीएसटी आहे' ही मालाची गोष्ट आणि ती आज ना उद्या बदलणार. 'या बिलात साबणावर किती जीएसटी लावला' ही त्या दिवशी घडून गेलेली गोष्ट, ती कधीच बदलणार नाही. दोन्हींचा आकडा बराच काळ सारखा होता, म्हणून एक दुसरीची नक्कल वाटली. तेव्हा बिलातल्या जिन्नसांच्या तक्त्यातही कराचा रकाना हवा आणि बिल करतानाच तो `items` वरून उचलून तिथे कायमचा लिहावा:

```
bill_items (bill_no, line_no, item_id, qty, rate, gst_rate)
```

विक्रीचा दर आपण आपोआपच `bill_items` मध्ये ठेवला होता, कारण भाव हलतो हे दुकानदाराला पाठ असतं. कराचा दर हलतो हे तितकं पाठ नसतं. म्हणून प्रत्येक रकान्याला दुसराही प्रश्न विचारावा: उद्या हा बदलला, तर जुन्या ओळींतही बदलायला हवा का? फोनच्या बाबतीत उत्तर हो येतं, जिल्ह्याच्या नावाबाबत विक्रीच्या तक्त्यापुरतं हो, आणि कराच्या बाबतीत नाही. हे उत्तर फक्त सारखेपणा पाहून देता येत नाही. नॉर्मलायझेशन शिकवणाऱ्या पुस्तकांत पायऱ्या व्यवस्थित असतात, पण काळाचा हा प्रश्न पुष्कळदा मागे पडतो, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक पैसे इथेच बुडतात, असं माझं मत आहे.

तिसऱ्या पायरीपुढेही पायऱ्या आहेत. 1974 मध्ये कॉड आणि रेमंड बॉइस यांची एक, 1977 आणि 1979 मध्ये रोनाल्ड फेगिन यांच्या आणखी दोन. एका दुकानाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन याद्या एकाच तक्त्यात कोंबल्या की काय होतं, अशासारखे प्रश्न त्या सोडवतात. किराण्याच्या एजन्सीला तिसऱ्या पायरीवर थांबून चालतं.

किंमत मात्र मोजावी लागते. जी गोष्ट पूर्वी एका शीटवर समोर दिसायची, ती बघायला आता पाच-सहा तक्ते जोडावे लागतात. लाखभर ओळींना ते जाणवतही नाही, पण कोट्यवधी ओळींचे दहा वर्षांचे अहवाल रोज काढायचे असले, तर जाणवतं. तेव्हा मोठ्या संस्था अहवालांसाठी मुद्दाम रुंद, पुनरुक्तीचे तक्ते वेगळे करून ठेवतात. त्यात काही चूक नाही, एक अट पाळली तर. त्या रुंद तक्त्यात हाताने कुणीही काही दुरुस्त करायचं नाही. दुरुस्ती मूळ तक्त्यात करायची आणि रुंद तक्ता त्यावरून पुन्हा बनवून घ्यायचा. गोदामातल्या शिल्लक मालाचा आकडाही असाच. तो खरेदी-विक्रीवरून केव्हाही काढता येतो, पण काउंटरवर क्षणात हवा म्हणून लिहून ठेवतात, आणि मग रात्री एकदा मुळावरून पडताळून पाहतात.

जुनी शीट नव्या मांडणीत नेताना सगळ्यात वेळखाऊ काम तक्ते बनवण्याचं नसतं. दुकानांच्या तक्त्यात एका दुकानाला एकच ओळ मिळते. दोन फोन घेऊन आलेलं गणेश किराणा तिथे अडतं आणि डेटाबेस दुसरी ओळ नाकारतो. इतके दिवस शीट दोन्ही नंबर निमूटपणे सांभाळत होती. आता एक निवडावाच लागतो. अलीकडच्या बिलावरचा नंबर घ्यावा असं वाटतं, पण अलीकडचं बिल मुलाने जुन्या ओळीवरून कॉपी करून बनवलेलं असू शकतं. त्यामुळे वरच्या चौकशीतून निघालेली यादी लाइनप्रमाणे लावून छापायची आणि सेल्समनच्या हाती द्यायची. पुढच्या फेरीत तो दुकानात विचारून खरा नंबर लिहून आणतो, आणि मगच ती ओळ `shops` मध्ये जाते.